व्हिएन्नाचे 14 पगार: महिन्याला नेमके किती?

प्रश्न: व्हिएन्नामधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली आहे. वर्षाला 56,000 युरो ग्रॉस, पण पत्रात "14 पगार, प्रत्येकी 4,000" असे लिहिले आहे. दुसरी ऑफर म्युनिकची, महिन्याला 4,500 ग्रॉस. मग व्हिएन्नाचा पगार 4,000 धरायचा की 56,000 ला 12 ने भागून 4,666? हातात किती पडतील? आणि दोन पगार मागे ठेवण्यापेक्षा सगळे 12 महिन्यांत वाटून द्या, असे एचआरला सांगितले तर चालेल का? मी अविवाहित आहे, 1 सप्टेंबरला रुजू व्हायचे आहे.

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे खरे पैसे अडकले आहेत. नका सांगू. मागणी मान्य झाली, तर त्याच 56,000 मधून वर्षाला साधारण 2,340 युरो कमी हातात पडतील. ऑस्ट्रियात तेरावा आणि चौदावा पगार हा नुसता हप्ते पाडण्याचा प्रकार नाही. त्या दोन पगारांवरचा कर वेगळ्या, फार स्वस्त दराने लागतो. म्हणून इथे 14 ला 12 मध्ये बदलायचे ते फक्त कागदावर, स्वतःला समजण्यासाठी.

आता तुमचा महिना. तुमच्या ऑफरमध्ये एक नाही, चार मासिक आकडे दडलेले आहेत आणि चारही आपापल्या जागी खरे आहेत. 4,000 हा पगारपत्रकावर छापला जाणारा ग्रॉस. 4,667 हा वर्षाच्या ग्रॉसची महिन्याची सरासरी, म्हणजे 12 पगार देणाऱ्या कंपनीशी तुलना करायचा आकडा. आणि हातात येणाऱ्या पैशांचेही दोन आकडे निघतात: नेहमीच्या महिन्यात खात्यात जमा होणारे सुमारे 2,712, आणि वर्षभराची सरासरी सुमारे 3,235. या शेवटच्या दोघांत सव्वापाचशे युरोंचे अंतर आहे. बहुतेक लोक इथेच गोंधळतात. कुणी 3,235 धरून घर भाड्याने घेतो आणि मार्चमध्ये तंगीत येतो, तर कुणी 2,712 बघून चांगली ऑफर नाकारतो.

हे आकडे कसे आले ते पाहू. मी 2025 चे दर धरले आहेत. कराचे टप्पे दर जानेवारीत महागाईप्रमाणे थोडे सरकतात, सामाजिक विम्याचे दरही अधूनमधून हलतात, त्यामुळे तुमच्या वर्षी काही युरो इकडेतिकडे होतील. हिशोबाची रीत मात्र तीच राहील.

नेहमीचा महिना घ्या. 4,000 मधून आधी सामाजिक विम्याचा तुमचा वाटा जातो: आरोग्य, निवृत्तिवेतन, बेकारी विमा, आणि सोबत कामगार मंडळाची व घरबांधणी निधीची अर्धा-अर्धा टक्का वर्गणी. सगळे मिळून 18.07 टक्के, म्हणजे 722.80 युरो. उरले 3,277.20. कर लागतो तो या उरलेल्या रकमेवर. ऑस्ट्रियात कर कापताना पगारखाते असा विचार करते की हा पगार 12 महिने मिळणार आहे. 3,277.20 गुणिले 12 म्हणजे 39,326. त्यातून कामाच्या खर्चाची ठोक वजावट 132 युरो वगळली की करपात्र रक्कम 39,194 राहते.

यातल्या पहिल्या 13,308 युरोंवर कर शून्य. तिथून 21,617 पर्यंत 20 टक्के, म्हणजे 1,662. तिथून 35,836 पर्यंत 30 टक्के, म्हणजे 4,266. वरच्या राहिलेल्या 3,358 वर 40 टक्के, म्हणजे 1,343. बेरीज 7,271. त्यातून नोकरदाराला प्रवासापोटी मिळणारी 487 युरोंची सूट वजा केली की वर्षाचा कर 6,784, महिन्याचा 565. म्हणून खात्यात 3,277 वजा 565, म्हणजे 2,712 येतात. जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चमध्ये, प्रत्येक साध्या महिन्यात इतकेच.

या हिशोबात तेरावा-चौदावा कुठेच आलेला नाही, हे ध्यानात घ्या. करखाते त्या दोन पगारांना नेहमीच्या पगाराच्या ढिगात टाकतच नाही. त्यांचा हिशोब वेगळ्या खात्यावर होतो. एक पगार साधारणपणे जूनमध्ये सुट्टीच्या निमित्ताने येतो, त्याला ऊरलाउब्सगेल्ड म्हणतात. दुसरा नोव्हेंबरमध्ये नाताळाचा, वाइनाख्ट्सगेल्ड. काही कंपन्या त्यांचे तिमाही चार तुकडे करतात, पण जून-नोव्हेंबर ही सर्वांत रुळलेली पद्धत.

या पगारांवर सामाजिक विमा 17.07 टक्के, मंडळाची आणि घरबांधणीची वर्गणी लागत नाही, म्हणून एक टक्का कमी. प्रत्येकी 682.80 गेले, उरले 3,317.20. आता कर. वर्षातल्या अशा जादा पगारांच्या पहिल्या 620 युरोंवर शून्य, आणि तिथून 25,000 पर्यंत सरसकट 6 टक्के. जूनच्या पगारात 620 ची सूट वापरली जाते, म्हणून कर फक्त 162 आणि हातात 3,155. नोव्हेंबरमध्ये ती सूट संपलेली असते, म्हणून कर 199 आणि हातात 3,118. ग्रॉस तोच 4,000, पण साध्या महिन्यात त्याचे 2,712 झाले आणि या दोन वेळा 3,100 च्या वर. त्या-त्या महिन्यात नेहमीचा पगारही येतोच, त्यामुळे जूनमध्ये खात्यात एकूण 5,867 आणि नोव्हेंबरमध्ये 5,830 जमा होतील.

आता खरा मासिक आकडा काढायचा तो असा:

```
खरा मासिक = (12 × साधा पगार + जूनचा जादा + नोव्हेंबरचा जादा) ÷ 12
          = (12 × 2,712 + 3,155 + 3,118) ÷ 12
          = 38,816 ÷ 12  ≈  3,235
```

(12 × 2,712 थेट केले तर एक-दोन युरोंचा फरक दिसेल, कारण मूळ आकडा 2,711.88 आहे.)

लोक इथे दोन तऱ्हेने चुकतात. एक म्हणजे 56,000 भागिले 12 करून 4,667 काढायचे आणि ऑनलाइन गणकात 12 पगारांचा महिना म्हणून घालायचे. गणक प्रामाणिकपणे 40 टक्क्यांच्या टप्प्यात कर लावतो आणि उत्तर 3,040 च्या आसपास येते. खऱ्यापेक्षा सुमारे 195 कमी. दुसरी चूक उलट बाजूची: 2,712 ला 14 ने गुणून 12 ने भागायचे. त्यातून 3,164 निघतात. हेही कमीच, कारण जादा पगार साध्या पगारापेक्षा हलक्या कराने येतात हे त्यात धरलेले नसते. ऑस्ट्रियाच्या कामगार मंडळाचा गणक bruttonetto.arbeiterkammer.at वर आहे. तो मासिक ग्रॉस घेऊन साधा महिना आणि दोन्ही जादा पगार वेगळे दाखवतो. तिथे 4,000 घालायचे, 4,667 नाही.

तुमच्या "12 मध्ये वाटून द्या" या कल्पनेचे आता आकड्यांत. समजा कंपनीने होकार दिला आणि दर महिन्याला 4,666.67 असा नेहमीचा पगार केला. विमा 18.07 टक्क्यांनी 843 जातो. वर्षाची करपात्र रक्कम 45,749 होते आणि 35,836 च्या वरची जवळपास 9,900 युरोंची रक्कम सगळी 40 टक्क्यांत जाते. वर्षाचा कर 9,406. हातात वर्षाला 36,475, महिन्याला 3,040. म्हणजे 38,816 च्या ठिकाणी 36,475. ग्रॉस एक सेंटही कमी झालेला नाही, तरी 2,341 युरो गेले. कंपनीचा यात फायदा नाही आणि तुमचा तोटा आहे. एचआरमधला माणूस मुळात ही विनंती नाकारेलच, कारण बहुतेक क्षेत्रांत जादा पगार कधी आणि कसे द्यायचे हे सामूहिक करारात, म्हणजे कामगार संघटना आणि मालकांच्या संघटनेने त्या क्षेत्रासाठी केलेल्या करारात, लिहिलेले असते. पण लहान किंवा नव्या कंपनीत एखादा मालक "हो, देतो की" म्हणून जातो, आणि फरक पुढच्या वर्षी पगारपत्रके जुळवायला बसल्यावर कळतो.

सवलत नेमकी दोनच जादा पगारांना का बसते, हे समजले की पुढचे बरेच काही उलगडते. कायदा असे म्हणतो की वर्षभरातल्या नेहमीच्या पगाराच्या एक षष्ठांशापर्यंतच जादा देय 6 टक्क्यांच्या दरात बसते. तुमचे नेहमीचे 12 पगार म्हणजे 48,000. त्याचा सहावा भाग 8,000. बरोबर दोन पगार. म्हणूनच ऑस्ट्रियात 14 हा आकडा इतका पक्का बसला आहे. 14 ऐवजी 15 पगार, किंवा वर षष्ठांशाबाहेरचा बोनस, अशी ऑफर आली तर फार हुरळून जाऊ नका. समजा मार्चमध्ये 4,000 चा बोनस मिळाला आणि वर जून-नोव्हेंबर आहेतच. बोनसमधूनही 17.07 टक्के विमा गेला आणि 3,317 उरले, पण षष्ठांशाची जागा दोन पगारांतच संपत असल्याने कुणाला तरी बाहेर जावेच लागते, आणि बाहेर पडलेल्या रकमेला तुमच्या बाबतीत 40 टक्के कर लागतो. हातात 1,990. म्हणजे त्याच 4,000 ग्रॉसचे साध्या महिन्यात 2,712, जादा पगारात 3,118 किंवा 3,155, आणि पंधराव्यात 1,990. कुठल्या खान्यात पडतो यावर युरोची किंमत ठरते.

वाटाघाट करताना म्हणूनच बोनसपेक्षा मासिक ग्रॉस वाढवून मागावा. महिन्याला 100 युरो वाढले की ते 14 वेळा मिळतात, शिवाय षष्ठांशही आपोआप मोठा होतो. 4,000 चे 4,100 झाले तर वर्षाला ग्रॉस 1,400 वाढतो आणि हातात सुमारे 746 पडतात: 590 बारा साध्या महिन्यांतून, 156 दोन जादा पगारांतून. त्याच 1,400 चा एकरकमी बोनस षष्ठांशाबाहेर पडला तर 697 हातात येतील. फरक 50 युरोंचाच आहे, पण बोनस पुढच्या वर्षी मिळेल की नाही ते साहेबाच्या मर्जीवर, आणि पुढच्या पगारवाढीची टक्केवारी वाढीव मासिक पगारावर लागते.

आपल्याकडची एक सवय इथे आड येते. "तेरावा पगार" म्हटले की आपल्याला दिवाळीचा बोनस आठवतो. 8.33 टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एक महिन्याचा पगार. दिला तर आनंद, कमी दिला तर कुरकुर. ऑस्ट्रियातले हे दोन पगार तसे नाहीत. नफा झाला-न झाला, साहेब खूश असो-नसो, ते वेतनच आहे, फक्त उशिरा मिळणारे. मात्र एक गोष्ट पक्की तपासून घ्या: हा हक्क सर्वसाधारण कायद्याने मिळत नाही, तो क्षेत्राच्या सामूहिक कराराने किंवा तुमच्या स्वतःच्या करारपत्राने मिळतो. माहिती तंत्रज्ञानाचा असा सामूहिक करार आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या त्यात येतात. करारपत्रात कोणता सामूहिक करार लागू आहे ते नावाने लिहिलेले असते. तसे नसेल तर "वर्षाला 14 वेळा देय" हे शब्द तुमच्या पत्रात असायलाच हवेत.

यावरून जाहिरातींचे एक. ऑस्ट्रियात नोकरीच्या जाहिरातीत किमान पगार लिहावा लागतो, पण पुष्कळ जाहिरातींत नुसता मासिक ग्रॉस असतो. 14 वेळा मिळतो हे वाचणाऱ्याने गृहीत धरायचे. तिथल्या माणसाला ते कळते, आपल्याला कळत नाही. उलटही घडते: "56,000, जादा पगारांसह" असे लिहिले असते आणि नवखा माणूस 56,000 अधिक दोन पगार असे धरून बसतो. वार्षिक आकडा दिला असेल तर त्याला 14 ने भागा. मासिक दिला असेल तर 14 ने गुणा. शंका असेल तर विचारा. ऑस्ट्रियात पगाराबद्दल असा नेमका प्रश्न विचारण्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

आपल्या सीटीसीची सवय असलेल्यांसाठी आणखी एक: या 56,000 मध्ये कंपनीचा सामाजिक विम्याचा वाटा धरलेला नाही. तो कंपनी वरून भरते, शिवाय दुसऱ्या महिन्यापासून तुमच्या पगाराच्या 1.53 टक्के एका स्वतंत्र निधीत टाकते, जो नोकरी सोडताना कामाला येतो. भारतात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पॅकेजमध्ये घालून आकडा फुगवतात, तसले काही इथे शोधत बसू नका. 56,000 हे 56,000 आहेत.

म्युनिकचे आता सरळ होते. 4,500 गुणिले 12 म्हणजे 54,000. व्हिएन्नाच्या 56,000 शी तुलना वर्षाची वर्षाशी. 4,500 आणि 4,000 समोरासमोर ठेवले की म्युनिक 500 ने पुढे दिसते. खरा ग्रॉस मासिक 4,500 विरुद्ध 4,667 आहे, म्हणजे व्हिएन्ना 167 ने पुढे. पण ग्रॉसवर थांबू नका. जर्मनीत एकरकमी देयांना असा 6 टक्क्यांचा वेगळा दर नाही, आणि आरोग्य विम्याची वर्गणी कोणता विमा निधी निवडता यावर थोडी बदलते. जर्मन अर्थ मंत्रालयाचा गणक bmf-steuerrechner.de वर आहे, पण तो फक्त कर दाखवतो. विमा वेगळा वजा करावा लागेल. वर्षाला हातात येणारी रक्कम काढा आणि ती 38,816 च्या शेजारी ठेवा. म्युनिकच्या करारात तेरावा पगार आहे का, हेही विचारून घ्या, कारण जर्मनीत काही कंपन्या 13 देतात आणि बोलताना फक्त महिन्याचा आकडा सांगतात. त्यानंतर घरभाडे. म्युनिकचे भाडे या दोन शहरांच्या तुलनेत सहसा निकाल लावते, पण तो वेगळा विषय झाला.

तुलनेसाठी 3,235, जगण्यासाठी 2,712. मी हे दोन आकडे मुद्दाम वेगळे ठेवतो. भाडे, वीज, किराणा, घरी पाठवायचे पैसे, सगळे 2,712 मध्ये बसले पाहिजे. जून आणि नोव्हेंबरचे जादा पैसे वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांना लावायचे: भारतात येण्याची तिकिटे, थंडीचे कपडे, काही बाजूला टाकायचे असेल तर तेही. व्हिएन्नातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या असेच करतात. तिथला उन्हाळ्याचा प्रवास जूनच्या पगारावर आणि नाताळची खरेदी नोव्हेंबरच्या पगारावर चालते.

आणि तुम्ही सप्टेंबरमध्ये येणार आहात, म्हणून पहिल्या चार महिन्यांचे चित्र जरा वेगळे असेल. जादा पगार कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात मिळतात. वर्षातले 4 महिने काम केले, म्हणजे दोन्ही जादा पगारांचे 4/12, प्रत्येकी 1,333, मिळून 2,667 ग्रॉस. हातात साधारण 2,100 च्या आसपास, आणि तेही बहुतेक नोव्हेंबरमध्ये. ग्रॉसची सरासरी याही वेळी 4,667 च भरते: चार पगार 16,000, वर 2,667, एकूण 18,667 भागिले 4. पण सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये हातात फक्त 2,712 असतील, आणि त्याच काळात घराची अनामत द्यायची असते, ती बहुधा तीन महिन्यांच्या भाड्याइतकी. भारतातून निघताना त्या दोन महिन्यांची सोय घेऊन निघा.

पहिल्या अपूर्ण वर्षात एक चांगली गोष्टही आहे. दर महिन्याला कर कापताना पगारखाते तुम्हाला वर्षभराचा नोकर धरते, पण तुमचे त्या वर्षाचे ऑस्ट्रियातले करपात्र उत्पन्न फक्त चार महिन्यांचे असेल: 3,277 गुणिले 4, सुमारे 13,109, आणि वजावटीनंतर 13,308 या शून्य कराच्या मर्यादेच्या खाली. दरम्यान कापले गेलेले असतील 565 गुणिले 4, सुमारे 2,260 युरो. पुढच्या वर्षी नोकरदाराचे करविवरण भरले की जादा कापलेला कर परत मिळतो. ते FinanzOnline या सरकारी संकेतस्थळावर भरता येते आणि मागच्या पाच वर्षांपर्यंतचे भरता येते. त्या वर्षातल्या परदेशी उत्पन्नाची माहिती विवरणात विचारली तर खरी द्या, त्याने परताव्याची रक्कम बदलू शकते. पण विवरणच न भरणे म्हणजे हा पैसा सोडून देणे. नवीन आलेल्यांपैकी बरेच जण कर तर कापला गेला आता काय उरले, असे समजून ते भरत नाहीत.

नोकरी सोडताना हाच हिशोब उलट फिरतो. समजा पुढच्या एखाद्या वर्षी जूनमध्ये पूर्ण सुट्टीचा पगार मिळाला आणि तुम्ही ऑगस्टअखेर सोडले. जूनचे 4,000 पूर्ण वर्षाचे आगाऊ धरले जातात, तुम्ही 8 महिनेच काम केले, म्हणून बऱ्याच करारांत 4/12, म्हणजे 1,333 ग्रॉस, शेवटच्या हिशोबात कापून घेतात. त्याच वेळी नाताळच्या पगाराचे 8/12, म्हणजे 2,667, देय असतात. दोन्ही मिळून तुमच्या पदरात काही पडतेच, पण शेवटच्या पगारपत्रकातली ती वजा रक्कम बघून लोक घाबरतात. सामूहिक करारानुसार नियम बदलतो, म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी तेवढे कलम वाचा.

व्हिसाच्या बाजूने एक सावधगिरी. तुम्ही रेड-व्हाइट-रेड कार्डावर जाणार असाल, तर "इतर महत्त्वाचे कुशल कामगार" या प्रकारात किमान पगाराची अट मासिक ग्रॉस अधिक जादा पगार अशी मोजली जाते. 2025 साठी ती महिन्याला 3,225 आणि वर जादा पगार होती, म्हणजे 14 ने गुणून 45,150. तुमचे 4,000 आरामात बसतात. पण ज्यांची ऑफर सीमेवर आहे त्यांनी "वर्षाला 45,000" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. 14 ने भागून बघावे: 3,214. अट हुकली.

14 पगार फक्त ऑस्ट्रियाचे नाहीत. पोर्तुगालमध्येही ते आहेत, तेही कायद्याने. गोव्यातून लिस्बनला गेलेल्या पुष्कळांना ते ठाऊक असतील. स्पेनमध्येही दोन जादा पगार कायद्यात आहेत, आणि करारानुसार ते 12 महिन्यांत वाटूनही दिले जातात. त्या दोन देशांत वर्षाचा कर एकूण उत्पन्नावर लागतो, म्हणून 14 चे 12 केले तर फक्त पैसे येण्याच्या तारखा बदलतात. तिथे साधे 14 गुणिले 12 ने भागिले पुरते. कुणा मित्राने बार्सिलोनातून "वाटून घे, काही फरक पडत नाही" असे सांगितले असेल, तर त्याच्यापुरते ते बरोबर आहे. व्हिएन्नाला तो सल्ला लावू नका.

एचआरला पाठवायच्या मेलमध्ये एवढेच विचारा: 4,000 हा मासिक ग्रॉस वर्षाला 14 वेळा मिळणार आहे ना, कोणता सामूहिक करार लागू आहे, जादा पगार कोणत्या महिन्यांत आणि सप्टेंबरपासूनच्या प्रमाणात किती, आणि जादा तासांचे पैसे याच 4,000 मध्ये धरले आहेत का. शेवटचा प्रश्न विसरू नका. ऑस्ट्रियातल्या बऱ्याच आयटी करारांत ऑल-इन असे कलम असते, त्यात जादा कामाचा मोबदला पगारातच मोडतो. तसे असेल तर 4,000 पैकी मूळ पगार किती हे त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि म्युनिकच्या ऑफरशी तुलना करताना तिकडच्या आठवड्याच्या तासांशी ते जुळवून बघा.